फोनवरचे फोटो उडवले, तर नॅसवरचेही गेले! सिंकथिंग वापरणाऱ्यांनो, जरा धावा

पर्वतीदर्शन (धागाकर्ता) · शनिवार, २७ सप्टेंबर २०२५, सायं. ६:१०

मंडळी, डोकं बधिर झालंय, त्यामुळे विस्कळीत लिहीत असेन तर सांभाळून घ्या.

घरी सिंहगड रोडला दोन डिस्कचा छोटा नॅस आहे. त्यावर डॉकरमध्ये सिंकथिंग चालतं. माझा अँड्रॉइड फोन, विंडोजचा लॅपटॉप आणि नॅस असे तिघे एकमेकांना जोडलेले. क्लाउडचं भाडं भरायचं नाही आणि घरचे फोटो दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवायचे नाहीत, म्हणून दीड वर्षापूर्वी हौसेनं बसवलं. फोनचा कॅमेरा फोल्डर तिन्हीकडे `Send & Receive`.

फोन भरला. 'नॅसवर आहेच की सगळं' म्हणून गुरुवारी रात्री गॅलरीतून २०२३ चे फोटो-व्हिडिओ उडवले. तरी जागा मोकळी होईना, म्हणून गॅलरीतला कचराडबाही रिकामा केला. शुक्रवारी रात्री २०२४ चं सगळं उडवलं. आज दुपारी बहिणीला आईच्या पंचाहत्तरीचा व्हिडिओ पाठवायला नॅस उघडला, तर २०२३ साफ आणि २०२४ पण साफ. साधारण ४० जीबी असेल.

फोनवरच्या ॲपमध्ये `File Versioning` मी `Trash Can` वर ठेवलं होतं, म्हणजे पुसलेलं कुठेतरी राहायला हवं होतं ना? `.stversions` नावाचं फोल्डर असतं असं वाचलं होतं. ते फोनवर आहे, पण रिकामं. लॅपटॉप गेल्या रविवारपासून बॅगेतच आहे, उघडलेला नाही. तो उघडून बघू का?

---

जुना_खांब · ६:१८

लॅपटॉप उघडू नका. बाकीचं नंतर.

आधी नॅसवर सिंकथिंगचा कंटेनर थांबवा. `Pause` नको, पूर्ण `stop`. मग फोनवर ॲप `Force stop` करा आणि फोन चालू झाल्यावर ते आपोआप सुरू होत असेल तर तेही बंद करा. हे दोन्ही झालं की इथे लिहा.

---

ओंकार_७४ · ६:२५

माझ्या मते एवढं घाबरायचं कारण नाही. सिंकथिंगच्या सपोर्टला मेल टाका. बऱ्याच क्लाउडवाल्यांकडे पुसलेल्या फायली ३० दिवस ठेवलेल्या असतात. मागे माझी एक्सेल शीट अशीच परत आणली होती.

---

जुना_खांब · ६:३१

@ओंकार, इथे क्लाउडवाला कुणी नाहीच. सिंकथिंगचे जे सार्वजनिक सर्व्हर आहेत, त्यातला एक प्रकार फक्त 'अमुक आयडीचं यंत्र सध्या तमुक पत्त्यावर आहे' एवढं सांगतो. दुसरा प्रकार दोन यंत्रांची थेट गाठ पडत नसेल तेव्हा मधून डेटा पुढे ढकलतो, तोही एन्क्रिप्टेड, त्याला आत काय आहे ते दिसत नाही आणि तो साठवतही नाही. फाईल असते ती फक्त आपल्या यंत्रांवर. तिन्हीवरून गेली तर गेली.

पण याच गोष्टीचा आत्ता धागाकर्त्याला फायदा आहे. 'पुसा' हा निरोप लॅपटॉपला सांगू शकतील असे जगात दोनच जण आहेत: फोन आणि नॅस. दोघांची तोंडं बंद केली की लॅपटॉप खुशाल इंटरनेटवर आला तरी त्याला सांगायला कुणी नाही.

---

मेघना_कर्वेनगर · ६:४०

मी तर म्हणते, लॅपटॉप उघडायच्या आधी राउटरच बंद करा. झाकण उघडलं की वाय-फाय दोन सेकंदांत लागतं, आपल्याला बंद करायला वेळच मिळत नाही. एकदा अनुभव घेतलाय.

---

पर्वतीदर्शन · ६:५२

नॅसवर `docker stop syncthing` केलं. फोनवर `Force stop`. राउटरही बंद केलाय, हे मोबाइल डेटावरून लिहितोय. हात थरथरतायत राव.

---

जुना_खांब · ७:०१

छान. आता लॅपटॉप उघडा. सिंकथिंगच्या फोल्डरमधून काही हलवू नका. अख्खं फोल्डर बाहेरच्या यूएसबी डिस्कवर कॉपी करा. 'कट' नाही, 'कॉपी'. झालं की २०२३ आणि २०२४ च्या फायली मोजून आकडा सांगा.

तोवर तुमच्या व्हर्जनिंगचं सांगतो, कारण निम्मे लोक इथेच फसतात. व्हर्जनिंग ज्या यंत्रावर लावलंय, त्या यंत्रावर बाहेरून आलेल्या बदलांनाच ते लागू होतं. इमारतीच्या वॉचमनसारखं समजा. बाहेरून कुणी येऊन सामान न्यायला लागला तर तो अडवेल, नोंद करेल. पण घरमालकानं स्वतः आपलं सामान बाल्कनीतून खाली फेकलं तर वॉचमन काय करणार?

तुम्ही फोनवर बसून फोनवरचेच फोटो पुसलेत. फोनच्या दृष्टीनं तो घरमालकाचा बदल. सिंकथिंगला कळलं तेव्हा फाईल आधीच गेलेली होती, म्हणून फोनचं `.stversions` रिकामं. नॅसच्या दृष्टीनं मात्र तो बाहेरून आलेला बदल होता. नॅसवर व्हर्जनिंग असतं तर सगळं तिथल्या `.stversions` मध्ये सापडलं असतं. नॅसवर काय ठेवलं होतं?

---

पर्वतीदर्शन · ७:०९

नॅसवर काहीच नाही. मला वाटलं फोल्डर एकच आहे, तर एका ठिकाणी सेटिंग केलं की तिन्हीकडे लागू होईल.

---

जुना_खांब · ७:१४

नाही होत. तिघांत सामायिक असतो तो फक्त फोल्डरचा आयडी आणि आतल्या फायली. फोल्डरचा प्रकार, व्हर्जनिंग, काय वगळायचं त्याची यादी, हे सगळं ज्या त्या यंत्राचं वेगळं.

---

श्रीरंग_डेक्कन · ७:२०

नॅसवर RAID 1 आहे ना? मग दुसऱ्या डिस्कवर प्रत असेलच. एक डिस्क काढून बघा.

---

मेघना_कर्वेनगर · ७:२२

श्रीरंगदादा, RAID 1 म्हणजे आरसा. तुम्ही दाढी काढली तर आरशातल्याची राहते का?

---

श्रीरंग_डेक्कन · ७:२४

:) बरं बरं. पण पुढच्या वेळेसाठी सांगतो. नॅसवर फोल्डर `Receive Only` करून टाका. म्हणजे नॅस फक्त घेईल, त्याच्याकडचं काही जाणार नाही. मी तसंच ठेवलंय, दोन वर्षं झाली.

---

जुना_खांब · ७:३३

श्रीरंग, हे अर्धं बरोबर आहे आणि अर्धंच बरोबर असल्यामुळे जास्त धोक्याचं आहे. `Receive Only` चा अर्थ एवढाच की नॅसवर तुम्ही किंवा कुण्या प्रोग्रॅमनं केलेले बदल बाकीच्यांना जात नाहीत. पण बाकीच्यांकडून येणारं सगळं तो घेतो आणि 'ही फाईल पुसली' हा निरोपही त्यातच आला. इमानदारीत पुसतो. तुमचं दोन वर्षं टिकलंय ते फोनवरचं तुम्ही काही पुसलं नाही म्हणून.

खात्री करायची असेल तर चाचणीसाठी वेगळं फोल्डर करा, दोन फायली टाका, फोनवरची एक पुसा आणि नॅसवर बघा.

---

श्रीरंग_डेक्कन · ७:५६

करून बघितलं. गेली नॅसवरून. आता माझीच झोप उडाली. जेवण सोडून नॅसवर व्हर्जनिंग चालू करतोय.

---

पर्वतीदर्शन · ८:०५

कॉपी झाली! लॅपटॉपवर २०२३-२४ चे मिळून ६,११८ फोटो आहेत. सगळे. जुना_खांबकाका, तुमच्या पाया पडायला येतो.

पण व्हिडिओ एकही नाही. आता आठवलं, लॅपटॉपची एसएसडी २५६ जीबीचीच म्हणून तिथल्या `.stignore` मध्ये मी `*.mp4` लिहिलं होतं. पंचाहत्तरीचा व्हिडिओ त्यातच.

---

जुना_खांब · ८:१२

फोटो मिळाले हे आधी चांगलं झालं. आता व्हिडिओ. गॅलरीचा कचराडबा रिकामा केला तो फक्त गुरुवारी ना? शुक्रवारच्या खेपेनंतर नाही?

नॅसवर SSH ने जाऊन कॅमेरा फोल्डरमध्ये `ls -la` करा. ठिपक्यानं सुरू होणारी नावं दिसतायत का बघा.

---

पर्वतीदर्शन · ८:२०

शुक्रवारी डबा रिकामा केला नव्हता, झोपलो. आणि हे काय आहे? अशा शेकडो ओळी आहेत:

```
.trashed-1761500000-VID_20240917_203011.mp4
```

आकार १८० एमबी! हा मागच्या वर्षीचा विसर्जनाचा व्हिडिओ आहे, अलका चौकातला!!

---

जुना_खांब · ८:३१

तेच शोधत होतो. अँड्रॉइड ११ पासून गॅलरीत 'डिलीट' म्हटलं की बऱ्याच गॅलऱ्या फाईल लगेच पुसत नाहीत. ती त्याच फोल्डरमध्ये राहते, फक्त तिचं नाव बदलून पुढे `.trashed-` लागतं. ठिपक्यामुळे फाइल मॅनेजरमध्ये दिसत नाही. जागा मोकळी न होण्याचं कारणही तेच. सिंकथिंगला गॅलरीचा कचराडबा वगैरे काही कळत नाही. त्याला दिसलं की एक फाईल गेली आणि त्याच मजकुराची दुसऱ्या नावाची एक आली, म्हणून त्यानं नॅसवरही तेच केलं.

मधला आकडा म्हणजे ती फाईल कायमची कधी पुसायची ती वेळ, सेकंदांत. नॅसवर हे चालवा:

```
date -d @1761500000
```

२६ ऑक्टोबर रात्री ११ च्या सुमाराचं उत्तर येईल. त्यातून ३० दिवस वजा केले की शुक्रवार रात्र. म्हणजे महिनाभर वेळ आहे, पण तेवढी वाट कशाला बघायची. फोनवर गॅलरीच्या डब्यातून २०२४ चं सगळं `Restore` करा आणि केबलनं त्याच यूएसबी डिस्कवर उतरवून घ्या. सिंकथिंग अजून बंदच राहू दे.

आणि नॅस आता पूर्ण बंद करा. २०२३ चे व्हिडिओ काढण्याचा शेवटचा प्रयत्न त्याच्या डिस्कवर करायचा आहे. त्यावर नवीन काही लिहिलं जाईल तेवढी आशा कमी.

---

सुलभा_वाई · ८:४५

नमस्कार. विषय चालूच आहे म्हणून विचारते. मुलानं पुण्याहून बसवून दिलंय हेच सिंकथिंग. मी वाईला असते. माझ्या फोनवरून त्याच्या घरच्या डब्यावर फोटो जातात, पण फार हळू. त्याच्या नावापुढे `Relay` असं येतं. पुण्याला त्याच्या घरी गेले की भराभर जातात. फोन खराब आहे का?

---

मेघना_कर्वेनगर · ८:५८

सुलभाकाकू, फोन ठीक आहे. पुण्यात तुम्ही दोघं एकाच वाय-फायवर असता, यंत्रं एकमेकांना घरातल्या घरात शोधतात. वाईहून मात्र तुमचं मोबाइल नेटवर्क आणि मुलाचं ब्रॉडबँड दोन्ही अशा पत्त्यामागे असणार की बाहेरून कुणाला थेट आत येता येत नाही. मग मधला सर्व्हर लागतो आणि तो स्वयंसेवकांनी चालवलेला असतो, त्यामुळे वेग बेताचा.

मुलाला सांगा, कंपनीकडून खरा सार्वजनिक पत्ता मिळत असेल तर राउटरवर २२००० हा पोर्ट नॅसकडे वळवायचा. दोघांपैकी एका बाजूला दार उघडं असलं तरी पुरतं. नाहीतर दोन्हीकडे IPv6 चालू आहे का ते बघायचं.

---

सुलभा_वाई · ९:०४

बरं, त्याला हे जसंच्या तसं पाठवते. मला त्यातलं वाय-फाय तेवढं कळलं.

---

श्रीरंग_डेक्कन · ९:१०

मला एक सापडलं. `Advanced` मध्ये फोल्डरला `Ignore Delete` अशी खूण आहे. ती नॅसवर लावली की विषयच संपला. पुसण्याचा निरोप आला तरी नॅस दुर्लक्ष करेल. व्हर्जनिंगची भानगडच नको.

---

जुना_खांब · ९:२४

मी ती वर्षभर वापरली आहे आणि काढून टाकली आहे. आधी जे `.trashed-` चं बघितलं तेच घ्या. सिंकथिंगसाठी नाव बदलणं म्हणजे एक पुसणं आणि एक नवीन येणं. पुसण्याकडे दुर्लक्ष केलंत तर नॅसवर मूळ व्हिडिओही राहतो आणि `.trashed-` वालाही. फोनवर एखादं फोल्डर दुसरीकडे हलवलं तरी तेच, सगळं दुप्पट.

शिवाय नॅस आणि फोन कायमचे वेगळं बोलत राहतात. मला एकदा नॅसवरचा सिंकथिंगचा डेटाबेस नव्यानं बनवावा लागला. दुर्लक्ष केलेल्या त्या सगळ्या फायली त्याला 'नवीन' वाटल्या आणि पुसलेलं विरुद्ध असलेलं अशा भांडणात तेव्हाचं सिंकथिंग असलेल्याच्या बाजूनं निकाल द्यायचं. केव्हाच पुसलेले फोटो बायकोच्या फोनवर भराभर परत यायला लागले. त्यात आमच्या वाड्यातल्या जुन्या नळाच्या गळतीचेच शंभर फोटो होते.

---

कॅमेरावाला_नारायण · ९:४०

लग्नाचे फोटो काढतो, म्हणून माझी पद्धत सांगतो. मी दोन्हीकडे `Send & Receive` मुद्दाम ठेवलंय. नॅसवर रात्री एक स्क्रिप्ट कॅमेरा फोल्डरमधल्या ३० दिवसांपेक्षा जुन्या फायली उचलून अर्काइव्हमध्ये हलवते. अर्काइव्ह सिंकथिंगच्या बाहेर आहे. नॅसवरून हलल्या की फोनवरून आपोआप पुसल्या जातात. फोन भरतच नाही आणि हातानं काही पुसावं लागत नाही. जी गोष्ट तुम्हाला नडली तीच मी कामाला लावलीय.

---

मेघना_कर्वेनगर · ९:४७

भारी आहे हे. पण अर्काइव्हची डिस्क जोडलेली नसेल आणि स्क्रिप्टनं भलतीकडेच हलवलं तर? आमच्याकडे गुरुवारी वीज जाते, नंतर बाहेरची डिस्क दर वेळी नीट जोडली जातेच असं नाही.

---

कॅमेरावाला_नारायण · ९:५५

म्हणून अर्काइव्हच्या डिस्कवर एक रिकामी खुणेची फाईल ठेवलीय. ती दिसली नाही तर स्क्रिप्ट काहीच करत नाही. ही अक्कल एकदा अंगाशी आल्यावरच सुचली, खोटं कशाला बोलू.

---

पर्वतीदर्शन · रविवार, २८ सप्टेंबर, सकाळी १०:१५

२०२४ चे व्हिडिओ सगळे यूएसबी डिस्कवर आले. रात्री दीडपर्यंत जागलो.

आता नवीन गोंधळ. लॅपटॉपवर जागा करायला सकाळी कॅमेरा फोल्डर डी ड्राइव्हवर हलवलं (यूएसबीवर प्रत आहे म्हणून धीर केला). सिंकथिंग उघडलं तर लाल अक्षरात `folder path missing`. नेटवर एके ठिकाणी लिहिलंय की जुन्या जागी रिकामं फोल्डर करून त्यात `.stfolder` नावाचं फोल्डर हातानं बनवा, एरर जाते. करू का?

---

जुना_खांब · १०:२१

नको! हात काढा तिथून.

तुम्हाला सिंकथिंगनं आत्ता वाचवलंय. `.stfolder` ही त्याची 'मी योग्य जागी आहे' अशी खूण. ती नसेल तर तो समजतो की डिस्क निघाली असेल किंवा फोल्डर हललं असेल, आणि कामच थांबवतो. तुम्ही रिकाम्या जागी ती खूण हातानं बनवलीत की त्याला वाटेल जागा बरोबर आहे, फक्त आतलं सगळं मालकानं पुसलंय. आणि नॅस-फोन चालू झाले की तो हे त्यांनाही सांगेल. काल फोननं जे केलं तेच आज लॅपटॉप करेल.

लॅपटॉपवरच्या सिंकथिंगमधून ते फोल्डर `Remove` करा. त्यानं डिस्कवरच्या फायली जात नाहीत, फक्त ओळख पुसली जाते. सगळं मार्गी लागल्यावर डी ड्राइव्हवरचा नवीन रस्ता देऊन, तोच फोल्डर आयडी टाकून परत जोडा. पण त्याआधी त्यातले २०२३-२४ चे फोटो बाहेर काढून ठेवा, नाहीतर ते उलट फोनवर जाऊन तो पुन्हा भरू शकतील.

---

पर्वतीदर्शन · १०:३०

केलं `Remove`. काका, तुम्ही नसता तर मी आज दुसऱ्यांदा रडलो असतो.

मग आता पुढे कसं ठेवू? मला सोपं हवंय. नारायणरावांची स्क्रिप्ट मला झेपेलसं वाटत नाही. हातानं पुसायची सवय आहे, फक्त पुसलं तर नॅसवर राहायला पाहिजे.

---

जुना_खांब · ११:०५

मग साधं करू. सिंकचं फोल्डर आणि साठवणीचं फोल्डर नॅसवर वेगळं ठेवा. सिंकचं फोल्डर म्हणजे उंबरठा, तिथे काही जपून ठेवायचं नाही. फोनवर `Send Only`, म्हणजे दुसरीकडच्या चुकीनं फोनवरचं काही जाणार नाही. नॅसवर `Receive Only` आणि तिथेच `Trash Can` व्हर्जनिंग, दिवसांच्या जागी ९०. लॅपटॉपला फोटो हवेत का खरंच? नसतील तर त्याला या फोल्डरमधून काढा.

मग नॅसवर रोज पहाटे हे:

```
rsync -a --backup --backup-dir=/volume1/archive/_old \
  --exclude='.*' \
  /volume1/sync/camera/ /volume1/archive/camera/
```

यात `--delete` नाही हे बघून घ्या आणि पुढेही कुणाच्या सांगण्यावरून घालू नका. नवीन आलेलं अर्काइव्हमध्ये जातं, पुसलेलं तिथे राहतं. फोनवर एखादा फोटो कापून त्याच नावानं ठेवलात तर नवा वर येतो आणि जुना `_old` मध्ये जातो. ठिपक्याची नावं वगळल्यामुळे `.trashed-` वाले, सिंकथिंगच्या अर्धवट उतरलेल्या फायली आणि `.stversions` हे काहीच अर्काइव्हमध्ये येत नाही. रस्ते तुमच्या नॅसप्रमाणे बदला.

फोनवरच्या `.stignore` मध्ये एवढं टाका:

```
.trashed-*
.pending-*
.thumbnails
```

---

मेघना_कर्वेनगर · ११:२०

काका, एक शंका. फोनवर `.trashed-*` वगळलं तर काल व्हिडिओ जसे नॅसवर सापडले तसे पुढे सापडणार नाहीत ना?

---

जुना_खांब · ११:३२

बरोबर. वगळल्यावर गॅलरीत डिलीट म्हटलं की नॅसला ते सरळ पुसणंच दिसेल. पण नॅसवर आता व्हर्जनिंग आहे, त्यामुळे मूळ नावानं तिथल्या `.stversions` मध्ये ९० दिवस राहील, आणि अर्काइव्हमध्ये तर आहेच. न वगळून चालतं, पण मग पुसलेला प्रत्येक व्हिडिओ दोन नावांनी जागा खातो. हे ज्याच्या त्याच्या डिस्कवर आहे.

एकच भोक राहतं. सकाळी काढलेला आणि त्याच दिवशी पुसलेला फोटो अर्काइव्हमध्ये पोचत नाही, कारण rsync पहाटे चालतं. तो ९० दिवसांत व्हर्जनिंगमधूनच काढायचा, तेही पुसण्याआधी नॅसपर्यंत पोचला असेल तर. म्हणून पुसायला बसण्यापूर्वी फोनवरच्या ॲपमध्ये नॅसपुढे `Up to Date` आहे का ते बघा आणि अर्काइव्हमधला त्या महिन्यातला शेवटचा व्हिडिओ उघडून बघा. नुसतं नाव बघू नका, चालवून बघा.

---

श्रीरंग_डेक्कन · ११:४०

फोनवरचं अधिकृत ॲप बंद झालंय ना? मग कशाच्या भरवशावर हे सगळं?

---

मेघना_कर्वेनगर · ११:४६

अधिकृत अँड्रॉइड ॲप डिसेंबर २०२४ मध्ये थांबलं. फोर्क चालू आहे, मी तोच वापरते. नॅस आणि लॅपटॉपवरचं मूळ सिंकथिंग जोरात चालू आहे. फोनवर तेवढं बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्याला मोकळं सोडावं लागतं, नाहीतर अँड्रॉइड मागच्या मागे मारून टाकतं आणि आपल्याला वाटतं सिंक चालूये.

---

पर्वतीदर्शन · सोमवार, २९ सप्टेंबर, रात्री १०:४०

नवी मांडणी नीट करायला थोडी जागा हवी, म्हणून ती पुढच्या शनिवारी. नॅस बंदच आहे. एक डिस्क काढून डॉकला लावली आणि मित्राच्या लिनक्सवर तिची जशीच्या तशी इमेज घेतली. मग त्या इमेजवर photorec चालवलं. कालपासून चालूये. आत्तापर्यंत १,९०० च्या वर फायली काढल्यात, पण नावं सगळी `f` आणि आकडे अशी. एमपी४ बऱ्याच आहेत, त्यातल्या काही उघडतात, काही दहा सेकंदांनी हिरव्या होतात.

---

जुना_खांब · १०:५५

नावं यायची नाहीत. ext4 फाईल पुसताना ती डिस्कवर कुठे कुठे पसरली होती तो पत्ताही पुसते, म्हणून photorec डिस्क चाळून तुकडे ओळखतं. सलग लिहिलेला व्हिडिओ पूर्ण मिळतो, तुकड्यातुकड्यांत असलेला अर्धा निघतो. मोठे व्हिडिओ तुकड्यांत असण्याची शक्यता जास्त. दुसरी डिस्क वेगळी काढून उपयोग नाही, तिथेही तेच आहे.

---

कॅमेरावाला_नारायण · ११:१०

हिरवे होणारे फेकू नका. त्याच फोननं, त्याच सेटिंगवर काढलेला एखादा धड व्हिडिओ नमुना म्हणून देऊन दुरुस्त करणारी साधनं आहेत. हमी नाही, पण एकदा माझं सप्तपदीचं क्लिप असंच निघालं होतं. तपकीर गल्लीतल्या दुकानात देण्याआधी घरी करून बघा. आणि दिलंच, तर इमेजची प्रत द्या, मूळ डिस्क नको.

---

सुलभा_वाई · ११:१५

पंचाहत्तरीचा व्हिडिओ तुम्ही तेव्हा कुणाला व्हॉट्सॲपवर पाठवला नव्हता का? आमच्याकडे असलं काही असलं की गावभर जातं.

---

पर्वतीदर्शन · ११:२८

काकू!! मामेबहिणीकडे विचारलं, तिच्या फोनमध्ये आहे. औक्षणाचा दीड मिनिटाचा, धुरकट, पण आईचा आवाज स्वच्छ आहे. पूर्ण कार्यक्रमाचा चाळीस मिनिटांचा मात्र फक्त माझ्याच फोनमध्ये होता. photorec ६१ टक्क्यांवर आहे. उद्या सकाळी लिहितो.